एकक वर्तुळाच्या आत: रडार, हुरेविच आणि एका अटीचा इतिहास

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये १९४० साली रेडिएशन लॅबोरेटरी नावाची एक प्रयोगशाळा उघडली आणि महायुद्ध संपताच, १९४५ च्या अखेरीस, बंदही झाली. नाव मुद्दाम दिशाभूल करणारे ठेवले होते. काम होते रडारचे. बंद होताना तिथल्या शास्त्रज्ञांनी आपले सगळे ज्ञान लिहून काढले आणि त्याचे, सूचीचा धरून, अठ्ठावीस खंड छापले गेले. त्यातला पंचविसावा खंड सर्व्होयंत्रणांच्या सिद्धांतावर आहे. तो १९४७ साली निघाला. संपादक जेम्स, निकल्स आणि फिलिप्स. नियंत्रण अभियांत्रिकी शिकवण्यात माझी नोकरीची वर्षे गेली, त्यामुळे या खंडाशी माझा संबंध जुना आहे. पण त्यातले पाचवे प्रकरण मी सावकाश वाचले ते निवृत्तीनंतर. तुकड्यातुकड्यांनी येणाऱ्या माहितीवर चालणाऱ्या यंत्रणा हा त्याचा विषय, आणि लेखक विटोल्ड हुरेविच.

हे नाव अभियंत्यांच्या यादीतले नाही. हुरेविच १९०४ साली आजच्या पोलंडमधल्या वूच शहरात जन्मला, व्हिएन्नात शिकला, ॲमस्टरडॅमला ब्राउअरचा सहायक होता, आणि १९३६ मध्ये प्रिन्स्टनला आला. त्याचे क्षेत्र संस्थितिशास्त्र, म्हणजे टोपॉलॉजी. आकार ताणला, वाकवला तरी त्याचे काय टिकते, याचा अभ्यास करणारे शास्त्र. गणिताच्या इमारतीतला हा बहुधा सर्वांत वरचा मजला. तिथून खाली कारखान्याचा आवाज ऐकू येत नाही. असा माणूस युद्धामुळे रडारपाशी आला आणि त्याने जे प्रकरण लिहिले, त्यातली एक अट पुढे प्रत्येक अंकीय नियंत्रकाच्या अभ्यासक्रमात जाऊन बसली. ती अट अशी की यंत्रणेच्या समीकरणाची सगळी मुळे संमिश्र प्रतलावरच्या एक त्रिज्येच्या वर्तुळाच्या आत असली पाहिजेत. एकही बाहेर असेल तर यंत्रणा बेफाम होते.

नामसाधर्म्यामुळे विद्यार्थ्यांचा एक गोंधळ नेहमी होतो, तो आधीच सोडवतो. नियंत्रणशास्त्रात हुर्विट्झ नावाचाही एक गणिती आहे. त्याने १८९५ मध्ये, झुरिचमधला आपला सहकारी स्टोडोला याच्या टर्बाइनच्या प्रश्नावरून, अखंड चालणाऱ्या यंत्रणांच्या स्थैर्याची कसोटी दिली. त्याच्याही आधी, १८६८ मध्ये, मॅक्सवेलने वाफेच्या इंजिनाच्या गव्हर्नरवर निबंध लिहून हा प्रश्न गणितात आणला होता. या जुन्या परंपरेत यंत्र क्षणोक्षणी स्वतःकडे पाहत असते. गव्हर्नरचे गोळे फिरत असतात, वेग वाढला की लगेच वर उचलले जातात, झडप लगेच मिटते. मध्ये खंड नाही. हुर्विट्झ या परंपरेतला. हुरेविच त्यानंतरच्या, खंड पडलेल्या जगातला.

रडार हा खंड घेऊन आले. रडार सतत पाहत नाही. ते लहरीचा एक ठोका सोडते, प्रतिध्वनीची वाट पाहते, पुन्हा ठोका सोडते. अँटेना गोल फिरणारी असेल तर एखादे विमान तिला फेऱ्यातून एकदाच दिसते. उरलेला वेळ ती भलतीकडे पाहत असते. पण विमानाचा माग धरणारी मोटर मात्र या मधल्या वेळातही चालूच असते, मागच्या वेळी पाहिलेल्या चुकीच्या आधारावर. डोळे मिटून चालायचे आणि ठरावीक पावलांनंतर क्षणभर उघडायचे, असा हा प्रकार. अशा यंत्रणेला नमुनांकित यंत्रणा म्हणतात, कारण तिला वास्तवाचे फक्त नमुने मिळतात.

यातून काय बिघडते ते एका साध्या हिशेबाने दाखवतो. कागद-पेन्सिल पुरे. समजा अँटेना दर २ सेकंदांनी एक फेरा पुरा करते. विमान सध्या स्थिर आहे असे धरू आणि आपला माग दाखवणारा काटा त्याच्यापासून १०० मीटर चुकलेला आहे. दर फेऱ्याला चूक मोजली जाते आणि मोटर पुढचा फेरा येईपर्यंत त्या चुकीच्या प्रमाणात ठरलेल्या वेगाने चालते. चुकीला ज्या संख्येने गुणून वेग ठरतो तिला अभियंते गेन म्हणतात. ती K मानू. फेऱ्याचा काळ T. मग एका फेऱ्यात काटा KT पट चूक भरून काढतो. या गुणाकाराला c म्हणू, म्हणजे पुढच्या फेऱ्याला उरलेली चूक आधीच्या चुकीच्या 1 − c पट.

K चौथा हिस्सा असेल तर c अर्धा. चूक १००, मग ५०, मग २५, मग साडेबारा. शहाण्यासारखे वागणे. K दुप्पट करून c एक केला तर चूक एका फेऱ्यात शून्य. याहून चांगले काही नाही. आणखी वाढवून c दीड केला तर काटा लक्ष्य ओलांडून पलीकडे जातो: १००, उणे ५०, २५, उणे साडेबारा. धसमुसळे, पण शेवटी जागेवर येते. c दोन केला की १००, उणे १००, १००, उणे १००, असे अनंतकाळ. आणि अडीच केला तर १००, उणे १५०, २२५, उणे ३३७.५. इथे यंत्रणा स्वतःच्याच दुरुस्तीने स्वतःला उधळते.

हीच मोटर सतत पाहणाऱ्या डोळ्याला जोडली असती, तर या हिशेबात K कितीही वाढवला तरी ती अस्थिर झाली नसती. चूक फक्त अधिक वेगाने विरली असती. अस्थैर्य मोटरमध्ये नाही, गेनमध्येही नाही, ते डोळे मिटलेल्या दोन सेकंदांत आहे. K पाऊण ठेवला तर दोन सेकंदांच्या फेऱ्याला c दीड होतो आणि यंत्रणा सावरते. तीच अँटेना कोणी चार सेकंदांच्या फेऱ्यावर चालवली तर c तीन होतो, आणि १०० ची चूक उणे २००, मग ४०० होते. मोटरच्या एकाही स्क्रूला हात न लावता.

मग K लहानच का ठेवू नये? कारण विमान स्थिर नसते. ते सेकंदाला १०० मीटर वेगाने जात असेल तर काटा त्याच्या मागे राहतो, आणि हिशेब केला तर कायमचे अंतर वेग भागिले K इतके येते. K चौथा हिस्सा असताना ४०० मीटर. K अर्धा केला, म्हणजे c एक, तर २०० मीटर; विमान एका फेऱ्यात नेमके तेवढेच जाते. गेन वाढवत गेलो तर अंतर कमी होते, पण दोन सेकंदांच्या फेऱ्याला K एकच्या खालीच ठेवावा लागतो, म्हणून हे अंतर १०० मीटरच्या आत कधीच येणार नाही. तोफखान्याला ते अंतर कमी हवे, आणि स्थैर्य त्याला तिथे अडवते. हा झगडा अभियंता वाटाघाटीने मिटवू शकत नाही. त्याला सीमा नेमकी कुठे आहे ते कळावे लागते.

वरच्या उदाहरणात सीमा तोंडी काढता आली. आता एकच बदल करू. चूक मोजल्यावर तिचा हिशेब होऊन मोटरपर्यंत पोचायला पूर्ण एक फेरा लागतो असे समजू. म्हणजे मोटर आज जे करते ते मागच्या नव्हे, त्याच्याही मागच्या पाहण्यावर. पुढची चूक म्हणजे आताची चूक वजा c गुणिले मागची चूक. बदल किरकोळ दिसतो. मघाचा सर्वोत्तम c, म्हणजे एक, घेऊन पाहू. पहिल्या फेऱ्याला १००, दुरुस्ती अजून पोचली नाही म्हणून पुन्हा १००, मग ०, मग उणे १००, उणे १००, ०, आणि पुन्हा १००, १००. सहा फेऱ्यांचे, बारा सेकंदांचे हेलकावे, कधीही न थांबणारे. जे एका फेऱ्यात काम संपवत होते ते आता कड्याच्या टोकावर उभे आहे. दीड घेतला, जो आधी चालला होता, तर १००, १००, उणे ५०, उणे २००, उणे १२५, १७५, ३६२.५, आणि पुढे विचारूच नये. अर्ध्यावर मात्र १००, १००, ५०, ०, उणे २५, उणे २५, उणे साडेबारा, ०, सव्वासहा: हेलकावत का होईना, ते शांत होते.

असे आकडे मांडत बसून कुठल्या c ला काय होईल ते कळते, पण सीमा कुठे ते सिद्ध होत नाही. इथे झेड-रूपांतर कामाला येते, आणि त्याची कल्पना नावापेक्षा सोपी आहे. चुकांची रांग घ्या: पहिली, दुसरी, तिसरी. प्रत्येकीला z च्या एकेका ऋण घाताचे लेबल लावा आणि सगळ्यांची बेरीज करा:

E(z) = e₀ + e₁z⁻¹ + e₂z⁻² + …

घात ही फक्त फेऱ्याची खूण. पण या खुणेचा फायदा असा की संपूर्ण रांग एक फेरा मागे सरकवायची असेल तर बेरजेला z⁻¹ ने गुणले की झाले. उशीर म्हणजे गुणाकार. मग ‘मागची चूक’, ‘पुढची चूक’ असली वाक्ये बीजगणितात उतरतात. आपल्या दुसऱ्या यंत्रणेचे वाक्य असे होते:

z² − z + c = 0

रांगेतली प्रत्येक चूक या समीकरणाच्या मुळांच्या घातांपासून बनते: पाचव्या फेऱ्याला मुळाचा पाचवा घात, पन्नासाव्याला पन्नासावा. आता अट आपोआप समोर येते. एकापेक्षा लहान संख्येचे घात विरत जातात, मोठीचे फुगत जातात. मुळे संमिश्र असतील तर ‘लहान’ म्हणजे प्रतलाच्या मध्यापासूनचे अंतर एकाहून कमी. आणि मध्यापासून एक अंतरावरचे सगळे बिंदू म्हणजेच एकक वर्तुळ. पहिल्या यंत्रणेचे मूळ एकच, 1 − c. ते उणे एक आणि एक यांच्यामध्ये हवे, म्हणून c शून्य आणि दोन यांच्यामध्ये. तोंडी काढलेले उत्तर तेच आले.

हे वर्तुळ मॅक्सवेल-हुर्विट्झच्या जगाशी नाते तोडत नाही. तिथे अट अशी होती की मुळे संमिश्र प्रतलाच्या डाव्या अर्ध्या भागात हवीत. दोन्हींना जोडणारा पूल म्हणजे z = eˢᵀ. या सूत्राने उभा अक्ष रिळावर दोरा गुंडाळावा तसा वर्तुळावर गुंडाळला जातो, पुन्हापुन्हा, आणि डावीकडचा अमर्याद पसारा वर्तुळाच्या आत मावतो. हुरेविचसारख्या टोपॉलॉजीच्या माणसाला हे गुंडाळणे घरचेच वाटले असणार, असा माझा आपला तर्क.

हुरेविचचे प्रकरण मोजक्यांनीच वाचले. विषयाला नाव मिळाले ते १९५२ मध्ये, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या जॉन रागाझिनी आणि लत्फी झादे यांच्या निबंधातून. झेड-रूपांतर हा शब्द त्यांचा. कल्पना त्याहून कितीतरी जुनी, कारण संख्यांच्या रांगेला घातांची लेबले लावून बेरीज करण्याची युक्ती अठराव्या शतकात द म्वाव्ह्र आणि लाप्लास यांनी संभाव्यतेच्या गणितात वापरली होती. आणखी एक सूचना: भूकंपशास्त्रातल्या काही पुस्तकांत z हा उशिराचाच गुणक धरतात, आपण z⁻¹ धरला तो. तिथे अट उलटी होते आणि मुळे वर्तुळाच्या बाहेर हवीत असे छापलेले सापडते. दोन्ही बरोबर. पुस्तक उघडल्यावर आधी उशिराचे चिन्ह कोणते ते पाहावे.

अट कळली तरी ती तपासायची कशी? दोन मुळे असतील तर सूत्र आहे, पण यंत्रणा मोठी असेल तर समीकरण सहाव्या-सातव्या घाताचे होते, आणि १९५० च्या सुमारास त्याची मुळे हाताने काढणे म्हणजे काही दिवसांचे काम. मुळे न काढताच ती वर्तुळात आहेत का हे ठरवता आले तर? या प्रश्नाचे उत्तर आधीच लिहून ठेवलेले होते. बर्लिनमध्ये इसाय शूर याने पहिल्या महायुद्धाच्या शेवटी वर्तुळाच्या आतल्या फलनांवर काम केले आणि त्याचा शिष्य आर्थर कोन याने १९२२ मध्ये, दिलेल्या समीकरणाची किती मुळे वर्तुळात पडतात हे फक्त सहगुणकांवरून मोजण्याची रीत दिली. त्या वेळी तिला लावण्याजोगे यंत्र नव्हते. शूर ज्यू होता. १९३५ मध्ये त्याला बर्लिनची खुर्ची सोडावी लागली आणि १९४१ साली तो तेल अवीवमध्ये वारला. त्याच वर्षी अटलांटिकपलीकडे रेडिएशन लॅबोरेटरीत ती यंत्रे बांधली जात होती.

शूर-कोनची रीत निर्णायकांची होती, म्हणजे हाताने करायला जड. ती सुटसुटीत केली एलियाहू ज्युरीने. हा १९२३ मध्ये बगदादला जन्मलेला, कोलंबियात रागाझिनीच्या हाताखाली डॉक्टरेट केलेला, नंतर बर्कलेला शिकवणारा. साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्याने सहगुणकांचा एक तक्ता दिला, जो आजही विद्यार्थी परीक्षेत भरतात. वर्गसमीकरणापुरता तो तीन ओळींचा होतो. समीकरण z² + az + b = 0 असेल तर b चे मूल्य, चिन्ह सोडून, एकाहून कमी हवे; 1 + a + b धन हवे; आणि 1 − a + b धन हवे. आपल्या उशिराच्या यंत्रणेत a उणे एक आणि b म्हणजे c. दुसरी अट सांगते c धन हवा. तिसरी सांगते 2 + c धन हवे, ते मग आपोआपच. पहिली सांगते c एकाहून कमी हवा. सीमा दोनवरून एकवर आली: एका फेऱ्याच्या उशिराने परवानगीचा गेन बरोबर अर्धा केला.

शिकवताना मी या तीन अटी पाठ करवून घ्यायला नेहमी विरोध केला, कारण प्रत्येक अट वर्तुळातून बाहेर पडण्याचे एकेक दार आहे आणि दार ओळखता येणे अधिक उपयोगाचे. दुसरी अट मोडते तेव्हा मूळ एकच्या बिंदूतून बाहेर जाते. चूक न हेलकावता एकाच दिशेने सरकत राहते. मोटरच्या तारा उलट्या जोडल्या गेल्या तर हे होते. तिसरी मोडते तेव्हा मूळ उणे एकमधून जाते. चूक दर फेऱ्याला चिन्ह बदलते, आपल्या पहिल्या यंत्रणेत झाले तसे. पहिली मोडते तेव्हा संमिश्र मुळांची जोडी वर्तुळ ओलांडते आणि कित्येक फेऱ्यांचा संथ हेलकावा येतो. आपल्याकडे ती जोडी ६० अंशांवर ओलांडते, म्हणून वर्तुळ पुरे करायला सहा फेरे. याचा अर्थ नोंदवही पाहूनच निदान करता येते. चिन्ह दर फेऱ्याला उलटत असेल तर गेन फार आहे. सहा-आठ फेऱ्यांचा झोका असेल तर कुठेतरी न मोजलेला उशीर शिरला आहे, आणि आधी तो शोधावा.

अटीला एक आंधळी जागा आहे, आणि तीही रिळाच्या उपमेतच दिसते. दोरा वर्तुळावर पुन्हापुन्हा गुंडाळला गेला आहे, म्हणून वर्तुळावरच्या एका बिंदूवर दोऱ्याचे अनेक बिंदू एकावर एक बसतात. वर्तुळाकडे पाहून ते वेगळे करता येत नाहीत. काटा ज्या बैठकीवर बसवला आहे ती नेमक्या दोन सेकंदांच्या आवर्तनाने कंप पावत असेल, तर दोन सेकंदांनी पाहणाऱ्या अँटेनेला ती दर वेळी एकाच स्थितीत दिसणार. नोंदीत चूक शून्यावर स्थिर, मुळे वर्तुळात व्यवस्थित, आणि प्रत्यक्षात बैठक गदगदा हलते आहे. एकक वर्तुळ फक्त पाहण्याच्या क्षणांबद्दल बोलते. मधल्या काळाबद्दल त्याने काहीही कबूल केलेले नाही.

यावर ज्युरीच्या पुस्तकांत उपाय दिलेला आहे, सुधारित झेड-रूपांतराचा. पाहण्याचे क्षण कागदावर थोडे पुढे सरकवायचे, फेऱ्याचा पाव, अर्धा, पाऊण भाग, आणि दर वेळी तोच हिशेब पुन्हा करायचा. छुपा कंप असेल तर सरकवलेल्या क्षणी चूक शून्य राहत नाही. प्रत्यक्ष यंत्रावर याहून स्वस्त चाचणी आहे: फेऱ्याचा काळ किंचित बदलून, दोनऐवजी १.९ सेकंदांचा करून पाहणे. कंप असेल तर नोंदवहीत, जिथे आतापर्यंत शून्ये होती, तिथे हळूहळू वर-खाली होणारा झोका दिसू लागतो. १.९ आणि २ सेकंदांच्या फरकावरून त्याचे आवर्तन काढले तर ते ३८ सेकंदांचे, म्हणजे वीस फेऱ्यांचे, येते. बैठकीचा खरा कंप मात्र दोन सेकंदांचाच असतो.

हुरेविच हे सगळे पाहायला राहिला नाही. १९५६ च्या सप्टेंबरमध्ये, मेक्सिकोतली टोपॉलॉजीची परिषद आटोपून तो उश्मालला माया लोकांचा पिरॅमिड पाहायला गेला आणि त्याच्या पायऱ्यांवरून पडून वारला. वय बावन्न. ज्युरीचे पहिले पुस्तक त्यानंतर दोन वर्षांनी, १९५८ मध्ये आले.